काँक्रीटला पाणी का मारायचे? क्युरिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काँक्रीट वाळले की घट्ट होते ना? मग त्याला ओले कशाला ठेवायचे?

बहुतेक चुका याच एका समजुतीतून होतात. चिखल वाळून घट्ट होतो, काँक्रीट नाही. सिमेंटचे कण आणि पाणी यांच्यात रासायनिक क्रिया होते आणि तिच्यातून तयार होणारा नवा पदार्थ खडी-वाळूला धरून ठेवतो. पुलाच्या पायाचे काँक्रीट पाण्याखाली भरले तरी ते घट्ट होते, ते याचमुळे. तिथे वाळायला वावच नसतो.

हा नवा पदार्थ म्हणजे कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट. तो सिमेंटच्या प्रत्येक कणाभोवती वाढत जातो आणि कणांमधली जी जागा आधी पाण्याने भरलेली होती ती हळूहळू भरून काढतो. जागा जितकी भरेल तितके काँक्रीट मजबूत आणि पाण्याला अभेद्य. काँक्रीटच्या आतल्या छिद्रांमधली आर्द्रता साधारण ८० टक्क्यांच्या खाली गेली की ही वाढ जवळपास थांबते. ८० टक्के म्हणजे काही कोरडेठाक नव्हे. हाताला जेमतेम सुके लागणाऱ्या पृष्ठभागाखालीही काम बंद पडलेले असू शकते.

तेव्हा क्युरिंग म्हणजे काँक्रीटला वरून काहीतरी पाजणे नव्हे. आत जे पाणी आहे ते उडू न देणे आणि उडालेच तर भरून देणे, एवढाच त्याचा अर्थ.

माल कालवताना पाणी घातलेच की. ते पुरत नाही का?

काँक्रीटच्या पोटात ते पुरते, कातडीत पुरत नाही. कसे ते हिशेबाने पाहू.

समजा १२५ मिमी जाडीचा स्लॅब आहे आणि एक घनमीटर मालात ३४० किलो सिमेंट व १७० लिटर पाणी आहे. म्हणजे पाण्याचे सिमेंटशी प्रमाण ०.५. आता स्लॅबचा एक चौरस मीटर तुकडा घ्या आणि त्याचाही फक्त वरचा २५ मिमीचा थर. या थरात साडेआठ किलो सिमेंट आणि सव्वाचार लिटर पाणी येते.

एक किलो सिमेंटची क्रिया पूर्ण व्हायची तर सुमारे ०.२३ लिटर पाणी रासायनिकरीत्या बांधले जाते. शिवाय तयार होणाऱ्या पदार्थाच्या अतिसूक्ष्म छिद्रांत साधारण ०.१९ लिटर अडकून बसते, ते पुढच्या क्रियेला मिळत नाही. असे मिळून ०.४२ लिटर. साडेआठ किलोला म्हणजे सुमारे ३.५७ लिटर. सव्वाचारातून हे वजा केले तर शिल्लक उरते ०.६८ लिटर, पाऊण लिटरही नाही.

कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी ओल्या पृष्ठभागावरून तासाला चौरस मीटरमागे अर्धा लिटर पाणी सहज उडते. त्या वेगाने ही शिल्लक दीड तासाच्या आत संपेल. प्रत्यक्षात इतक्या सरळ घडत नाही. खालच्या थरातले पाणी काही प्रमाणात वर येते आणि पृष्ठभाग सुकू लागला की उडण्याचा वेगही मंदावतो. पण वरच्या इंचभर थराचा पाण्याचा साठा काही तासांच्याच बेताचा असतो आणि त्याला काम मात्र काही आठवडे करायचे असते, हे या हिशेबावरून दिसते.

यावर कुणी म्हणते, मग मालातच जास्त पाणी घालू. तसे केले तर भरून काढायची जागाच वाढते. ती जागा भरण्याइतके सिमेंट नसते आणि काँक्रीट कायमचे सच्छिद्र राहते.

पाणी नाही मारले तर नक्की बिघडते काय? अशा कितीतरी इमारती उभ्याच आहेत.

उभ्या आहेत हे खरे, आणि त्याचे कारण वरच्या हिशेबातच आहे. ४५० मिमीच्या कॉलमच्या पोटातले पाणी बाहेर पडायला फार वेळ लागतो, त्यामुळे गाभा बऱ्यापैकी तयार होतो. क्युरिंग न केल्याचा फटका मुख्यतः बाहेरच्या दोन-पाच सेंटिमीटरला बसतो. लहान नमुने कधीच ओले न ठेवता नुसते हवेत राहू दिले तर त्यांची ताकद सतत ओल्या ठेवलेल्या नमुन्यांच्या जवळपास निम्म्यावर अडकते. नमुना लहान म्हणजे तो जवळजवळ सगळा कातडीच. म्हणूनच छज्जा, पडदी, जिन्याची पायरी, पातळ स्लॅब अशा भागांना क्युरिंगची हयगय जास्त भोवते.

पण नेमके त्याच बाहेरच्या दोन-चार सेंटिमीटरमध्ये आपण एक मोठी जबाबदारी टाकलेली असते, ती म्हणजे सळईचे कव्हर, म्हणजे सळईला झाकणारा काँक्रीटचा थर. स्लॅबला कव्हर साधारण २० मिमी, कॉलमला ४० मिमी. सळई गंजत नाही ती काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे. ताज्या काँक्रीटचा सामू १२.५ च्या वर असतो आणि अशा वातावरणात लोखंडावर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून आत शिरतो, तिथल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी संयोग पावतो आणि सामू ९ च्या खाली उतरवतो. सामू उतरलेल्या भागाची ही सीमा सळईपर्यंत पोचली की संरक्षण संपले. मग थोडी ओल आणि हवा मिळाली की गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे कव्हर आतून फुटते, सळईच्या रेषेत तडा जातो आणि शेवटी खपली पडते.

ही सीमा किती वेगाने सरकते ते कातडी किती सच्छिद्र आहे यावर ठरते. ती काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात सरकते असा ठोकताळा आहे. समजा दोन छज्जे आहेत, दोघांना कव्हर २० मिमी. नीट क्युरिंग झालेल्या छज्ज्यात पहिल्या ४ वर्षांत सीमा ४ मिमी आत गेली आणि पाणी न मारलेल्यात ८ मिमी. दुसऱ्यात ती सळईला २५ व्या वर्षी भिडेल, पहिल्यात १०० व्या वर्षी. खोलीतला फरक दुपटीचा, आयुष्यातला चौपट. हे आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत, पण गणित असेच चालते. पाणी न मारणाऱ्याला त्याची चूक दिसतच नाही ती यामुळे. ती दिसायला लागेपर्यंत तो दहा कामे पुढे गेलेला असतो.

लवकर दिसणाऱ्या खुणाही आहेत. फरशीसारख्या उघड्या पृष्ठभागावर भुकटी सुटते, झाडून काढली तरी पुन्हा येते. पृष्ठभागावर जाळीसारख्या बारीक रेघा उमटतात. गच्चीत पाणी मुरते.

आमचे क्यूब तर पास झाले. मग क्युरिंग कमी पडले असे कसे म्हणता?

क्यूब म्हणजे त्याच मालाचे चाचणीसाठी भरलेले घनाकार नमुने. ते ठराविक तापमानाच्या पाण्याच्या टाकीत २८ दिवस बुडवून ठेवलेले असतात. त्यांना मिळालेले क्युरिंग तुमच्या कॉलमला मिळालेले नाही. क्यूबची चाचणी मालाची परीक्षा घेते, म्हणजे सिमेंट योग्य होते का, पाणी जास्त पडले का, वगैरे. स्लॅबला नंतर कसे वागवले याबद्दल ती एक अक्षर बोलत नाही.

जागेवरची स्थिती कळावी असे वाटत असेल तर दोन-तीन जादा क्यूब भरून ते स्लॅबवरच, स्लॅबला मिळते तेवढेच पाणी देत ठेवावेत आणि टाकीतल्या क्यूबांशी तुलना करावी. कमी खर्चात इतके बोलके उत्तर दुसरे नाही. तरी फार कमी ठिकाणी हे केलेले पाहिले आहे.

पाणी मारायला कधी सुरुवात करायची? दुसऱ्या दिवशी सकाळी?

तोपर्यंत अनेकदा उशीर झालेला असतो. पहिले संकट काँक्रीट अजून मऊ असतानाच येते. भरल्यानंतर थोडे पाणी आपोआप पृष्ठभागावर येते. ऊन-वाऱ्याने ते येण्यापेक्षा जास्त वेगाने उडाले तर वरचा थर आकसतो, आणि अंगात ताकद नसल्याने फाटतो. हे तडे पहिल्या काही तासांतच पडतात, अनेकदा एकमेकांना समांतर, वर चांगले रुंद आणि कधी कधी स्लॅबच्या आरपार. तासाला चौरस मीटरमागे एक लिटरच्या आसपास पाणी उडण्याची शक्यता असेल तर हा धोका मोठा मानतात. तापमानापेक्षाही यात वाऱ्याचा हात जास्त असतो. हिवाळ्यातल्या कोरड्या, वाऱ्याच्या दिवशीही असे तडे पडलेले पाहिले की लोक चक्रावतात.

या टप्प्यावर नळीची धार मारायची नाही. त्याने वरचे सिमेंट वाहून जाते आणि मग भुकटी सुटणारा पृष्ठभाग पदरात पडतो. पृष्ठभागाची चमक गेली की धुक्यासारखा बारीक फवारा द्यावा किंवा फिनिशिंग झालेला भाग लगेच प्लास्टिकच्या कागदाने झाकत जावा. कडा दाबून ठेवाव्यात, नाहीतर खालून वारा शिरतो आणि कागद असून नसल्यासारखा होतो. बोट टेकवल्यावर ठसा उमटत नाही इतके काँक्रीट घट्ट झाले की कागद काढून ओले गोणपाट टाकता येते.

आणि किती दिवस?

मानकांमध्ये साधारण असे असते: साध्या पोर्टलंड सिमेंटला किमान ७ दिवस, औष्णिक वीजकेंद्रातली राख किंवा लोखंडाच्या भट्टीतला स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला, तसेच हवा गरम व कोरडी असेल तर किमान १० आणि शक्यतो १४. राख-स्लॅगची क्रिया मंद असते. सिमेंटच्या क्रियेतून सुटलेला चुना मिळाल्यावरच राखेचे काम नीट सुरू होते. तिला दुसऱ्या आठवड्यात पाणी नाकारले तर तिच्यासाठी मालात केलेली सोय वाया जाते.

७ हा आकडा कुठून आला असेल याचा अंदाज टी. सी. पॉवर्स यांच्या कामावरून करता येतो. पोर्टलंड सिमेंट असोसिएशनमध्ये त्यांनी १९४० च्या दशकापासून या विषयावर पायाभूत संशोधन केले. घट्ट होणाऱ्या सिमेंटमध्ये पाण्याने व्यापलेली छिद्रे आधी एकमेकांना जोडलेली असतात. नवा पदार्थ वाढला की त्या वाटा एकेक करून बुजतात. त्या पूर्ण तुटायला किती ओले दिवस लागतात हे पॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये मांडले. पाणी-सिमेंट प्रमाण ०.४० असेल तर सुमारे ३ दिवस, ०.४५ ला ७ दिवस, ०.५० ला १४ दिवस. ०.६० ला सहा महिने आणि ०.७० ला वर्षभर. त्याच्या वर गेलात तर वाटा कधीच बंद होत नाहीत, कितीही पाणी मारा.

माझ्या मते क्युरिंगबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. मिक्सरमध्ये अंदाजे ओतलेली जादा बादली नंतरच्या क्युरिंगने भरून निघत नाही. उलट, कडक मालाला ७ दिवसांत जे मिळते ते पातळ मालाला घर बांधून होईपर्यंतही मिळत नाही.

आम्ही सकाळ-संध्याकाळ पाणी मारतो. तेवढे पुरे ना?

सपाट स्लॅबवर पाणी साठून राहत असेल तर पुरे. कॉलमवर नाही. उभ्या पृष्ठभागावर मारलेले पाणी ओघळून जाते आणि उन्हात पाऊण-एक तासात तो पांढुरका पडतो. पुढचे दहा तास तो सुकत असतो. म्हणजे दिवसातून दोनदा पाणी मारून तुम्ही त्याला दिवसाचा बराच भाग कोरडा ठेवलेला असतो. वर भिजणे-सुकणे चालू राहिल्याने पृष्ठभाग फुगतो-आकसतो आणि बारीक रेघा पडायला मदत होते.

कॉलमला शटरिंग काढल्याबरोबर गोणपाट गुंडाळावे, सुतळीने घट्ट बांधावे आणि ते सतत ओले राहील असे पाहावे. गोणपाटावर प्लास्टिक गुंडाळले तर पाणी मारण्याच्या खेपा खूप कमी होतात. सैल लोंबणारे गोणपाट निरुपयोगी. ते काँक्रीटला चिकटून असले पाहिजे. तपासायला सोपे आहे: दुपारी दोन वाजता जाऊन गोणपाटाखाली हात घाला. संध्याकाळी, पाणी मारल्यावर, सगळेच कॉलम चांगले दिसतात.

बीमच्या बाजू आणि स्लॅबची खालची बाजू सगळ्यांत दुर्लक्षित. तिथे शटरिंग जितके दिवस राहील तितके चांगले, कारण प्लायवूडची किंवा लोखंडी फळी स्वतःच पाणी अडवून धरते. लाकडी फळ्या असतील तर त्या ओल्या ठेवाव्यात, नाहीतर त्याच पाणी शोषतात.

स्लॅबवर आळी करून पाणी भरण्याची पद्धत खरेच चांगली आहे का?

सपाट पृष्ठभागासाठी याहून भरवशाचे काही नाही. दोन-तीन मीटरचे चौकोन पाडून कडेने कमकुवत सिमेंट-वाळूची बुटकी आळी घालतात आणि आत ३ ते ५ सेंटिमीटर पाणी ठेवतात. सगळा स्लॅब एकच तळे केला तर उताराच्या एका बाजूला पाणी आणि दुसरी बाजू कोरडी राहते, म्हणून लहान चौकोन. मातीची आळी फुटतात आणि डाग पाडतात.

४ सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला ४० किलो वजन, हे ध्यानात असू द्या. टेकू जागेवर असताना काही हरकत नाही. आणि उन्हाने तापलेल्या स्लॅबवर एकदम थंडगार पाणी ओतू नये. पाणी काँक्रीटपेक्षा ११ अंश सेल्सिअसहून जास्त थंड नसावे असा संकेत आहे. अचानक गार पडलेली कातडी आकसून तडकते.

पाऊस असेल तर पाणी मारायची गरज नाही?

सतत रिपरिप असेल तर नाही. अधूनमधून सर येत असेल तर मधल्या उघडिपीत लक्ष ठेवावेच लागते. छताखालच्या कॉलमला तर पावसाचा काही उपयोगच होत नाही.

आणि कडाक्याची थंडी?

१० अंशांच्या खाली क्रिया खूप मंदावते, म्हणून दिवस वाढवावे लागतात. पाणी गोठण्याइतकी थंडी असेल तर पाणी मारूच नये. आत गोठणारे पाणी फुगून कच्चे काँक्रीट फोडते. तिथे झाकून ऊब धरणे हेच क्युरिंग.

पाण्याऐवजी क्युरिंग कंपाउंड फवारले तर?

पाणी मिळणे कठीण असेल किंवा उंच कॉलमला गोणपाट बांधणे शक्य नसेल तर उपयोगी आहे. तो फवारा पृष्ठभागावर पातळ पापुद्रा धरतो आणि बाष्पीभवन अडवतो. पण तो पाणी देत नाही, असलेले राखतो फक्त. म्हणून शटरिंग काढल्यावर पृष्ठभाग आधी भिजवून, वरचे पाणी ओसरताच, ओलसर असतानाच फवारायचा. सुकल्यावर मारला तर कोरडेपणाच आत कोंडला जातो. ज्या भागावर गिलावा करायचा आहे तिथे बहुतेक कंपाउंड पकड कमी करतात, त्यामुळे तिथे पाणीच बरे.

पहिले चार दिवस पाणी मारलेच गेले नाही. आता मारून काही उपयोग?

आहे, आणि आजच सुरू करा. एक-दोन दिवसांचा खंड असेल तर बरीचशी कसर भरून निघते. पाणी पुन्हा आत शिरले की थांबलेली क्रिया पुढे सुरू होते. चार दिवसांनंतरही फायदा मिळतो, पण पूर्ण नाही. तोवर पडलेले आकसण्याचे तडे तर तसेच राहतात. दोन-तीन आठवडे उलटून गेले असतील तर पाणी मारून फार हाती लागत नाही. अशा वेळी पृष्ठभागाला भेदक सीलर, किंवा उघड्या भागांना कार्बन डायऑक्साइड अडवणारा रंग देऊन वाट बुजवणे जास्त शहाणपणाचे.

तयार कामाचे क्युरिंग नीट झाले होते की नाही, नंतर ओळखता येते का?

थोडेफार. लोखंडी खिळ्याने ओरखडा काढा. पांढरी पूड सहज निघाली तर कातडी कच्ची आहे. पाण्याचे थेंब टाका. मिनिटभरात ते शोषले जाऊन काळा ठिपका उरला तर छिद्रे उघडी आहेत. एकाच कॉलमच्या सावलीच्या आणि उन्हाच्या बाजूला हे करून पाहा, फरक बरेच काही सांगतो. ठोका मारून पृष्ठभागाचा कडकपणा मोजणारा रिबाउंड हॅमर मात्र जुन्या कामात फसवतो. कार्बन डायऑक्साइडच्या क्रियेने पृष्ठभाग उलट कडक होतो आणि हॅमर चांगला आकडा दाखवतो.

काही वर्षे जुन्या कामात सगळ्यांत उघड उत्तर फिनॉल्फ्थॅलीन देते. कोपऱ्याचा तुकडा ताजा फोडून, धूळ झटकून, त्याचे अल्कोहोलमधले एक टक्का द्रावण फवारा. अल्कधर्मी भाग गडद गुलाबी होतो. बाहेरची जेवढी कड रंगहीन राहते तेवढी सीमा आत सरकली. ती पट्टीने मोजा आणि शेजारी कव्हर मोजा. १० वर्षे जुन्या छज्ज्यात कड १५ मिमी भरली आणि कव्हर २० मिमी असेल, तर वर्गमुळाच्या ठोकताळ्याने १८ व्या वर्षाच्या आसपास ती सळईला भिडते. म्हणजे दुरुस्ती करायला आठेक वर्षे आहेत, आणि तीही कव्हर सगळीकडे खरोखर २० मिमी सोडलेले असेल तर.